एडिटरचे फोन थांबवणारी स्क्रिप्ट: दोन रकाने नेमके कसे भरायचे

प्रश्न: आमच्या बचत गटाच्या कुरडयांवर चार मिनिटांचा व्हिडिओ करतो आहोत. शूटिंग मी मोबाइलवर केलं, निवेदन मीच लिहिलं आणि आवाजही माझाच आहे. एडिटिंग करणारा मुलगा पुण्यात असतो, एकटाच काम करतो, तेही रात्री नोकरीवरून आल्यावर. आधी मी सलग स्क्रिप्ट पाठवली होती, कंसात दृश्यं लिहून. त्याने सांगितलं, दोन रकान्यांत करून द्या. तसंही करून दिलं, डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. तरी दर थोड्या वेळाने फोन येतोच, "ताई, हा शॉट कुठला? हे बोलणं कुठून कुठपर्यंत घेऊ?" मग दोन रकाने करून उपयोग काय झाला? नक्की कसं लिहायचं असतं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, तुमच्या एडिटरने मागितलं ते बरोबरच आहे. पण दोन रकाने आखले की काम झालं, असं होत नाही. तो त्या कागदाकडे कसा बघतो हे कळलं, की कुठल्या रकान्यात काय जावं ते आपोआप ठरतं.

एकटा एडिटर निवेदनावर चालणारा व्हिडिओ बहुतेक वेळा दोन फेऱ्यांत जोडतो. पहिल्या फेरीत तो फक्त आवाज लावतो. निवेदनाचा पहिला तुकडा, मग कोणाचं तरी बोलणं, मग पुन्हा निवेदन, असं करत शेवटापर्यंत आवाजाची एक सलग पट्टी टाइमलाइनवर तयार होते. ती डोळे मिटून ऐकली तरी विषय समजायला हवा. मग तो सुरुवातीला परत येतो आणि दुसऱ्या फेरीत त्या आवाजावर चित्रं बसवतो. म्हणजे पहिल्या फेरीत त्याची नजर फक्त उजव्या रकान्यावरून खाली उतरते आणि दुसऱ्या फेरीत मुख्यतः डाव्या. फोन करायची वेळ येते ती एका फेरीला लागणारी माहिती दुसऱ्या रकान्यात दडलेली असते तेव्हा, किंवा कुठेच नसते तेव्हा.

यावरून पहिला नियम निघतो: आवाजाबद्दलचं सगळं उजवीकडे, चित्राबद्दलचं सगळं डावीकडे, अपवाद नाही. बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कोणी बोललेला तुकडा, उदाहरणाला घ्या. गटातल्या काकू बोलतात ती फाइल व्हिडिओची आहे, म्हणून सगळेच तिचं नाव डावीकडे लिहितात. पण एडिटरला ती आधी आवाजासाठी लागते. तेव्हा बाइटच्या फाइलचं नाव, ती कुठून कुठपर्यंत घ्यायची आणि काकूंचे शब्द, हे उजवीकडे. ते शब्द चालू असताना पडद्यावर काय दिसावं, काकूंचा चेहरा की हातातलं पातेलं, ते डावीकडे. उलट पडद्यावर येणारी अक्षरं, म्हणजे नावाची पट्टी किंवा "गहू 3 दिवस भिजवा" अशी ओळ, वाचायची असली तरी ती चित्राचा भाग आहे, म्हणून डावीकडे.

आता एक रांग केवढी असावी? इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. प्रत्येक शॉटला एक रांग दिली तर चार मिनिटांच्या व्हिडिओला साठ-सत्तर रांगा होतात आणि निवेदनाची वाक्यं मधोमध तुटतात. "गहू वाटून झाले की" एका रांगेत आणि "फडक्यातून पिळायचे" खालच्या रांगेत. तुम्हाला ते आवाज देताना नीट वाचता येत नाही आणि त्यालाही आवाज लावताना वाक्य कुठे संपलं ते दिसत नाही. याउलट अख्खा परिच्छेद एका रांगेत टाकून शेजारी सहा शॉट लिहिले, तर कुठला शॉट कुठल्या शब्दावर, हे त्याने ओळखायचं. रांग ठरवताना शॉट मोजू नका, बोलणं ऐका. एक मुद्दा पुरा झाला, तुम्ही श्वास घेतला, की रांग संपली. कुरडयांसारख्या विषयात अशी रांग साधारण 8 ते 15 सेकंदांची होते आणि तिच्यात दोन ते चार शॉट बसतात. चारपेक्षा जास्त लागत असतील तर रांग तोडा.

रांगेतले दोन-तीन शॉट शब्दांना बांधायचे कसे, हा तुमच्या फोनांवरचा खरा इलाज आहे. डावीकडे शॉटना क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि तीच अक्षरं उजवीकडे निवेदनात, जिथे तो शॉट सुरू व्हायला हवा नेमक्या त्या शब्दाच्या आधी, चौकोनी कंसात टाका. एवढंच. पण याने काय फरक पडतो ते तुमच्याच विषयात पाहू. आत्ता तुमच्या कागदावर बहुधा असं काहीतरी असेल: डावीकडे "चीक गाळताना, पाणी ओतताना" आणि उजवीकडे निवेदनाची तीन वाक्यं. ज्याने कुरडया होताना कधी पाहिल्या नाहीत त्याला फडक्यातून पडणारी पांढरी धार आणि दुसऱ्या दिवशी वरून ओतलेलं निवळ पाणी, दोन्ही पातेल्यातलं पाणीच दिसतं. तो "चीक" या शब्दाखाली ओतून द्यायचं पाणी लावून मोकळा होईल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. बघणाऱ्याला मात्र वाटेल, ते ओततात तोच चीक.

तीच रांग अशी लिहा. (फाइलींची नावं नमुन्यासाठी आहेत.)

रांग 06 — 14 सेकंद

*डावा रकाना, चित्र:*
क) 12_101522, 0:18 ते 0:26. मिड. दोघी फडकं धरून पिळतात.
ख) 12_101840, 0:05 ते 0:10. क्लोज. पातेल्यात पडणारी पांढरी धार. ★
ग) 13_070312, 0:02 ते 0:10. वरून. निवळलेलं पाणी ओततात. तळाचा घट्ट पांढरा थर दिसला की थांबा.
पट्टी (ख वर): गव्हाचा चीक

*उजवा रकाना, आवाज:*
निवेदन, VO_06.wav
[क] तीन दिवस भिजलेले गहू वाटून झाले की ते फडक्यातून पिळून घ्यायचे. [ख] खाली पातेल्यात जमतो तो चीक. [ग] रात्रभर तो हलवायचा नाही. सकाळी वर निवळलेलं पाणी ओतून द्यायचं.

यातली एकेक गोष्ट का आहे ते सांगतो, म्हणजे बाकीच्या रांगा तुम्हाला स्वतःच भरता येतील.

फाइलचं नाव वाक्याच्या पोटात कुठेतरी नको, ओळीच्या सुरुवातीलाच हवं. एडिटर फोल्डरमध्ये आधी फाइल शोधतो, मग वर्णन वाचतो. बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलांवर व्हिडिओचं नाव VID_20250412_101522.mp4 असं पडतं, म्हणजे तारीख आणि शूट सुरू झाल्याची वेळ. एवढं सगळं रकान्यात लिहिलं तर ओळ भरून जाते. शेवटचे सहा आकडे आणि त्याआधी फक्त दिनांक पुरे: 12_101522. कुरडयांचं शूटिंग तीन-चार दिवस चालतं, म्हणून दिनांक गाळू नका. 13_070312 हे नाव वाचताक्षणी त्याला कळतं की हा दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा शॉट आहे आणि क व ख शी त्याची गल्लत होत नाही. वेगळ्या पद्धतीने नावं पडणारा मोबाइल असेल तर संपूर्ण नावात जो भाग प्रत्येक फाइलला वेगळा आहे तो घ्या. एक मात्र पाळा: एडिटरने फाइली प्रोजेक्टमध्ये घेतल्यानंतर मूळ फाइलींची नावं बदलू नका आणि त्यालाही बदलू देऊ नका. नाव बदललं की सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही, टाइमलाइनवर Media Offline ची लाल पाटी येते आणि तुमचा कागदही त्याच क्षणी जुना होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या फाइली दाबून लहान केल्या जातात आणि नावही बदलतं. म्हणून फाइली ड्राइव्हवर फोल्डर करून द्या.

0:18 ते 0:26 हे आकडे म्हणजे ती फाइल चालवल्यावर दिसणारी मिनिटं आणि सेकंद. मोठ्या कॅमेऱ्यांवर तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा टाइमकोड असतो. मोबाइलच्या फाइलीला मिनिट-सेकंद पुरे, फ्रेमपर्यंतचा काटा एडिटर स्वतः बघतो. लागतात त्यापेक्षा दोनेक सेकंद जास्त द्या. क ला साडेपाच सेकंद लागणार आहेत, आपण आठ दिले आहेत. दोन शॉट एकमेकांत विरघळवायचे झाले किंवा निवेदन जरा संथ निघालं, तर त्याच्याकडे सोडायला जागा राहते. मात्र 0:00 ते 1:40 असं आख्ख्या फाइलीचं माप देणं म्हणजे काहीच न देणं. त्यातलं कुठलं घ्यायचं ते तो पुन्हा तुम्हालाच विचारेल.

वर्णनात डोळ्याला दिसतं तेच लिहा. "चीक काढण्याची पारंपरिक पद्धत" हे वर्णन नव्हे, "दोघी फडकं धरून पिळतात" हे वर्णन. शॉट लांबून आहे की जवळून हेही एका शब्दात. आणि जिथे परक्या माणसाला फरक कळणार नाही तिथे खूण सांगा. पहिल्या दिवशीचे भिजलेले गहू आणि तिसऱ्या दिवशीचे गहू पातेल्यात जवळपास सारखेच दिसतात. तिसऱ्या दिवशीचा शॉट हवा असेल तर "दाणा बोटांत दाबल्यावर पांढरं दूध निघतं तो" असं लिहा. हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही, आणि असे प्रश्नच फोनवर जास्त येतात.

★ म्हणजे हा शॉट हवाच, बदलू नका. उरलेल्यांच्या बाबतीत त्याला मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ दोघांनी आधीच ठरवून घ्या. रात्री अकरा वाजता एखादा शॉट हललेला किंवा अंधारा निघाला, तर त्याला तुम्हाला उठवायला लागू नये. नाजूक शॉट असेल तर खाली "किंवा" लिहून दुसरी फाइल देऊन ठेवा. सगळ्याच शॉटना तारा दिल्यात तर ताऱ्याला अर्थ उरत नाही. चार मिनिटांत सात-आठ खूप झाले.

पट्टीतली अक्षरं जशी पडद्यावर हवीत अगदी तशीच लिहा, ऱ्हस्व-दीर्घासकट, कारण तो ती टाइप करत बसणार नाही, उचलून चिकटवेल. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं असेल तर त्याच्याकडे भलतीच चिन्हं उमटतात. पीडीएफमधून उचललेली देवनागरीही बऱ्याचदा फुटते, काना-वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. म्हणून छापायला पीडीएफ द्या, पण उचलायला मूळ डॉक्युमेंटची लिंक द्याच. अक्षरं बरोबर चिकटूनही प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटलेली किंवा पहिली वेलांटी चुकीच्या जागी दिसली, तर दोष तुमच्या मजकुराचा नसतो; तिथे Preferences मध्ये Graphics खाली Text Engine ची निवड South Asian and Middle Eastern अशी करावी लागते.

आता 14 सेकंद कुठून आले? हा हिशोब तुम्ही करायचा, एडिटरने नव्हे. मराठी निवेदन शांतपणे वाचलं तर साधारण सेकंदाला दोन शब्द पडतात. तुमचा वेग वेगळा असेल, म्हणून आधी स्वतःचंच निवेदन घड्याळ लावून एक मिनिट वाचा आणि शब्द मोजा. वरच्या रांगेत 26 शब्द आहेत, म्हणजे 13 सेकंद आणि वाक्यांमधले श्वास धरून 14. त्यात क च्या वाट्याला 11 शब्द, ख च्या 5 आणि ग च्या 10. ख ला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. क्लोज शॉट अडीच सेकंदांत कळतो, पण त्यावर पट्टीही आहे. "गव्हाचा चीक" हे दोनच शब्द असल्यामुळे ती वाचून होते. तिथे "गव्हाचा चीक म्हणजे गव्हातला पिठूळ भाग" असं लिहिलं असतं तर वाचून व्हायच्या आत शॉट गेला असता. अशा ठिकाणी पट्टी छोटी करा, नाहीतर निवेदनात एक वाक्य वाढवा.

याच हिशोबातून एक मोठी अडचण कागदावरच पकडता येते. डावीकडच्या शॉटांची बेरीज उजवीकडच्या वेळेपेक्षा कमी असेल तर तिथे चित्र कमी पडणार. वाळत घातलेल्या कुरडयांवर तुम्ही 20 सेकंदांचं निवेदन लिहिलंत आणि तुमच्याकडे गच्चीचा एकच सहा सेकंदांचा शॉट आहे, तर एडिटर तो संथ करून ओढेल किंवा दोनदा लावेल. दोन्ही दिसून येतं. त्यावर उपाय कागदावर असतानाच सोपा असतो: निवेदन कापा, किंवा मोबाइल घेऊन गच्चीवर जा. सगळ्या रांगांची बेरीजही करा. चार मिनिटं म्हणजे 240 सेकंद. त्यात बाइटचे 60 सेकंद आणि निवेदनाशिवाय शॉटच्याच आवाजांचे 30 सेकंद धरलेत तर निवेदनाला 150 उरतात, म्हणजे सुमारे 300 शब्द. तुमचं निवेदन 450 शब्दांचं असेल तर व्हिडिओ सव्वापाच मिनिटांचा होणार आणि मग कुठलं कापायचं, यावरून फोन चालू होतील.

बाइटची रांग जरा वेगळी, कारण तिथे शब्द तुम्ही लिहिलेले नाहीत, बोललेले आहेत. फक्त "काकू चीक शिजवण्याबद्दल बोलतात" असं लिहून चालत नाही. वेळ द्या, आणि पहिले व शेवटचे शब्द जसे बोलले तसेच द्या, बोलीसकट. वेळ एकदोन सेकंदांनी चुकली तरी शब्दांवरून त्याला जागा सापडते. शब्द ऐकू येत नसले तर वेळेवरून. छोटी बाइट असेल तर संपूर्णच उतरवा.

रांग 09 — 11 सेकंद

*डावा रकाना, चित्र:*
क) बाइटचंच चित्र, काकूंचा चेहरा.
ख) 13_085530, 0:31 ते 0:38. क्लोज. पळीवरून सरकणारा शिजलेला चीक, पारदर्शक झालेला. ★
पट्टी (क वर): काकूंचं नाव आणि गटाचं नाव, पडद्यावर हवं तसंच

*उजवा रकाना, आवाज:*
बाइट, 13_091104, 1:12 ते 1:26
[क] "चीक शिजला का नाही ते रंगावर कळतं. // [ख] पांढरा जाऊन काचंसारखा झाला, की मगच सोऱ्यात भरायचा."
// इथे मधला "काय म्हणत्यात त्याला" हा तुकडा (1:16 ते 1:19) काढा.

बोलण्यातला तुकडा कापला की चेहऱ्याने उडी मारल्यासारखी दिसते. म्हणून // ची जागा आणि ख ची सुरुवात एकाच ठिकाणी ठेवली आहे: कापलेल्या सांध्यावर पातेल्याचा शॉट येतो आणि उडी झाकली जाते. बाइटमध्ये जिथे जिथे तुकडा काढाल तिथे झाकायला चित्र आहे का, हे लिहितानाच बघा. नसेल तर तो तुकडा राहू द्या. माणसं बोलताना अडखळतात, त्याने काही बिघडत नाही. आणि फाइलीत 14 सेकंद असूनही रांग 11 ची का, हे त्याला विचारायला लागू नये म्हणून काढलेल्या तुकड्याची वेळ लिहिली आहे.

निवेदन नाही, बाइट नाही, अशा रांगा तुमच्या व्हिडिओत नक्की असतील आणि असाव्यात. सोऱ्यातून कुरडई पडताना दांडा फिरवल्याचा जो आवाज येतो, तो चार सेकंद नुसता ऐकू द्यावा असा आहे. तिथे उजवा रकाना रिकामा सोडू नका. रिकामा चौकोन बघून एडिटरला कळत नाही की इथे मुद्दाम काही नाही, की ताई लिहायला विसरल्या. "निवेदन नाही. शॉटचाच आवाज मोठा, 4 सेकंद" असं लिहा. डावीकडेही तेच: मागच्या रांगेतला शॉट पुढे चालू राहायचा असेल तर "06 ग पुढे चालू" असं लिहा. सबंध कागदात एकही रिकामा चौकोन नसावा.

संगीताबद्दल प्रत्येक रांगेत लिहू नका. बदल होतो तिथेच लिहा. "संगीत सुरू, निवेदनाखाली हळू", पुढे कुठेतरी "संगीत बंद". मधल्या रांगांत ते चालू आहे हे त्याला कळतं. बाइट सुरू होते तिथे संगीत ठेवायचं की नाही हे मात्र लिहा, कारण गच्चीवर मोबाइलवर घेतलेल्या बोलण्यात आधीच वारा असतो आणि त्यात संगीत घातलं की काकूंचे शब्द बुडतात.

निवेदनाचा आवाज तुम्हीच देता, हा तर फायदाच आहे. सलग चार मिनिटांची एक फाइल देऊ नका. प्रत्येक रांगेची वेगळी फाइल करा आणि तिला रांगेचाच क्रमांक द्या: रांग 06 ची VO_06.wav. चुकलं म्हणून पुन्हा वाचलंत तर चुकलेलं पुसून टाका, फाइलीत चांगलं तेवढंच राहू द्या. तीन वेळा वाचलेलं एकाच फाइलीत असेल तर त्यातलं कुठलं तुम्हाला आवडलं हे त्याला कसं कळणार? अशा फाइली नावाप्रमाणे लावल्या की आपोआप क्रमाने उभ्या राहतात आणि त्याची पहिली फेरी पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांत उरकू शकते. आकडे 6, 7 असे न लिहिता 06, 07 लिहा, नाहीतर काही ठिकाणी 10 नंबरची फाइल 2 च्या आधी येऊन बसते.

कागदाचं माप पटकन सांगतो. ए-फोर आडवा, चारी बाजूंना दीड सेंटिमीटर समास. मग रुंदीत 26.7 सेंटिमीटर उरतात: क्रमांकाला 1.2, चित्राला 11.5, आवाजाला 11.5 आणि वेळेला 2.5. मोजायला चार पट्ट्या झाल्या तरी वाचायचे रकाने दोनच. "शेरा", "मूड", "लोकेशन" असे आणखी रकाने करू नका. ते बहुतेक रांगांत रिकामे राहतात आणि मधले दोन अरुंद होतात. टॅब आणि स्पेस मारून रकाने पाडू नका, खरा तक्ता घाला. नाहीतर निवेदनात एक शब्द वाढला की खालचं सगळं चित्र एकेक ओळ घसरतं. वर्डमध्ये Table Properties मधल्या Row खाली Allow row to break across pages ची खूण काढा, म्हणजे एक रांग दोन पानांवर फुटणार नाही, आणि वरच्या शीर्षकाच्या रांगेला Repeat Header Rows लावा. अक्षर 11 किंवा 12 चं, दोन ओळींत जरा मोकळं अंतर. तो हे अर्ध्या पडद्यावर उघडून किंवा शेजारी मोबाइलवर ठेवून वाचणार आहे.

तक्त्याच्या वर चार ओळींत एकदाच लागणारी माहिती: एकूण वेळ, व्हिडिओ आडवा 16:9 की उभा 9:16, मोबाइलवर शूट 30 फ्रेमचं आहे की 25 चं, पट्ट्यांचा फाँट, आणि कुठला फोल्डर. काकूंचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या मोबाइलवर घेतला असेल तर त्या बाइटच्या रांगेत उजवीकडे दोन्ही फाइली लिहा आणि त्या जुळवता याव्यात म्हणून सुरुवातीला टाळी वाजवली असेल तर ती प्रत्येक फाइलीत कितव्या सेकंदाला आहे तेही. लांब बाइटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होत गेले तर तो कागदाचा दोष नाही. अनेक मोबाइल फ्रेमचा वेग शूटभर एकसारखा ठेवत नाहीत, त्यामुळे असं होतं. एडिटरला ती फाइल आधी स्थिर फ्रेमवर करून घ्यावी लागेल. तेव्हा "मोबाइल शूट" ही नोंद वर असू द्या.

हे सगळं भरायचं म्हणजे तुम्हाला प्रत्येक फाइल एकदा बसून बघावी लागेल आणि वेळा टिपाव्या लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण ते तुम्हीच करायचं आहे, कारण कुठल्या फाइलीत काय आहे हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तोच शोध एडिटरने घेतला तर त्याला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि शिवाय त्याचा अंदाज चुकतो. शूटिंगच्या आधी जो कागद तुम्ही केला असेल त्यात फाइलींची नावं असणं शक्यच नव्हतं. एडिटरकडे तो कागद जातो, तिथेच गडबड होते. शूटिंगनंतर त्याचा दुसरा खर्डा करावाच लागतो.

पाठवण्याआधी दोन वेळा तपासा, त्याच्याच क्रमाने. डावा रकाना हाताने झाका आणि उजवा मोठ्याने वाचत खाली या. नुसतं ऐकून कुरडई कशी होते ते कळतं का आणि घड्याळ 240 च्या आसपास थांबतं का, ते बघा. मग उजवा झाका आणि डावीकडची प्रत्येक फाइल उघडून लिहिलेल्या सेकंदावर जा. आकडा उलटसुलट टाइप झालेला असतो, 101522 चं 105122 झालेलं असतं, ते इथे सापडतं.

काम सुरू झाल्यावर बदल सुचतीलच. तेव्हा रांगांचे क्रमांक पुन्हा घालू नका. 06 आणि 07 च्या मध्ये काही घालायचं असेल तर ती रांग 06A आणि तिचा आवाज VO_06A.wav. काढायची रांग पुसू नका, तिच्यावर रेघ मारा, क्रमांक तसाच राहू द्या. त्याने टाइमलाइनवर तुमच्याच क्रमांकांच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. तुम्ही 07 चं 08 केलंत की त्याच्या सगळ्या खुणा खोट्या ठरतात. लिंकमधल्या डॉक्युमेंटमध्ये गुपचूप शब्द बदलू नका, तो ती रांग लावून पुढे गेलेला असेल तर त्याला कळणारही नाही. नवीन खर्ड्याला नवीन नाव द्या, kurdai_v3, आणि अगदी वर एक ओळ लिहा: "v2 नंतर बदल: 04 ख, 06A नवीन, 11 निवेदन." तेवढी ओळ वाचून तो थेट त्या तीन ठिकाणी जाईल.